ब्रँडचं नाव टाकून कंपनी शोधताय? आधी तिचं कायदेशीर नाव कसं काढायचं ते बघा

नेहमी काय होतं, वस्तूवर किंवा ॲपवर जे नाव मोठ्या अक्षरात दिसतं तेच कंपनी रजिस्टरच्या सर्च बॉक्समध्ये टाकलं जातं, मग एकतर काहीच सापडत नाही किंवा पन्नास नावं येतात आणि त्यातलं जे सगळ्यात जवळचं वाटतं ते उचललं जातं. दुसरा प्रकार जास्त वाईट. काही सापडलं नाही तर माणूस निदान अजून शोधतो, पण चुकीचं सापडलं तर शोधायचं थांबतो.

हे मी स्वतः केलंय. एका कंपनीला नोटीसवजा पत्र पाठवायचं होतं, रजिस्टरमध्ये हुबेहूब ब्रँडच्या नावाची कंपनी मिळाली, पत्ता मिळाला, पत्र गेलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की आमचा या वस्तूशी काही संबंध नाही, नाव सारखं आहे एवढंच. बिल तेव्हा माझ्याच टेबलावर पडलेलं होतं आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात खरं नाव छापलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं.

तर पूर्ण लेखाचा क्रम असा आहे: आधी कागद, मग नंबर, मग रजिस्टर. ब्रँडचं नाव रजिस्टरमध्ये थेट टाकणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ म्हणजे गोंधळ होणार नाही. नोकिया ३३१०. हा फोन दोनदा आला, पहिला २००० साली आणि त्याच नावाने नवा २०१७ साली. समजा तुमच्याकडे २०१७ चा आहे आणि तुम्हाला तो बनवणाऱ्या कंपनीचं कायदेशीर नाव हवंय. सोपं वाटतं ना, नोकियाचा फोन म्हणजे नोकिया कंपनी. तसं नाहीये, बघूच पुढे.

आधी तीन नावांतला फरक, पटकन

कायदेशीर नाव म्हणजे ज्या नावाने कंपनीची नोंदणी झालीय ते. करार त्या नावाने होतो, केस त्या नावावर होते. रजिस्टरमध्ये त्याच्यासोबत एक नंबर असतो.

व्यापारी नाव म्हणजे तीच कंपनी धंदा करताना पाटीवर जे नाव लावते ते. काही देशांत ते वेगळं नोंदवावं लागतं, काही देशांत अजिबात नाही, हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

ब्रँड म्हणजे वस्तूवरचं किंवा सेवेवरचं नाव, बऱ्याचदा ट्रेडमार्क केलेलं. एका कंपनीचे दहा ब्रँड असू शकतात आणि एक ब्रँड वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांकडे असू शकतो. ब्रँड ही मालमत्ता आहे, विकता येते, भाड्याने देता येते. म्हणूनच ब्रँडवरून कंपनीचा अंदाज बांधणं फसतं.

पायरी १: सर्च करण्याआधी चार गोष्टी लिहून काढा

कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

पहिली, नाव जसं दिसलं तसंच्या तसं. मधली रेघ, टिंब, जोडून लिहिलेले शब्द, सगळं. दुसरी, ते कुठे दिसलं, म्हणजे डब्यावर, बिलावर, ॲपमध्ये की वेबसाइटवर. तिसरी, कुठल्या देशात व्यवहार झाला. चौथी, तारीख, निदान साल तरी.

आणि या चारच्या वर एक प्रश्न ज्याचं उत्तर बहुतेक लोक ठरवतच नाहीत: तुम्हाला नेमकं कोण हवंय? विकणारा, बनवणारा, ब्रँडचा मालक आणि सगळ्यांच्या वरची मूळ कंपनी, ही चार वेगळी कायदेशीर नावं असू शकतात आणि चारही बरोबर असू शकतात. पैसे परत हवे असतील तर विकणारा लागतो, दोषाबद्दल विचारायचं तर बनवणारा लागतो, लोगो वापरायची परवानगी हवी तर ब्रँडचा मालक. शेअर घ्यायच्या आधी माहिती काढताय तर बहुतेक वेळा वरची कंपनी.

आपल्या उदाहरणात: नाव "Nokia 3310", फोनवर आणि डब्यावर दिसलं, साल २०१७, हवा आहे बनवणारा.

*थांबा:* साल लिहिलं नसेल तर पुढे जाऊ नका. नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला आणि तो व्यवहार एप्रिल २०१४ मध्ये पूर्ण झाला. नंतर २०१६ पासून नोकिया नावाचे फोन तिसऱ्याच कंपनीने बनवायला घेतले. म्हणजे ड्रॉवरमध्ये २०१०, २०१५ आणि २०१७ चे तीन फोन पडलेले असतील, तिन्हींवर नोकियाच लिहिलेलं असेल, तर मागे कंपन्या मात्र तीन आहेत. साल नसेल तर यातली कुठली ते ठरवायला काही आधारच उरत नाही.

पायरी २: असा कागद शोधा जिथे नाव चुकवणं कंपनीला परवडत नाही

हीच खरी पायरी आहे, इथे वेळ घाला. जाहिरातीत कंपनी स्वतःला काहीही म्हणवून घेईल. पण काही जागा अशा असतात जिथे कायदेशीर नाव लिहावंच लागतं, कारण नाही लिहिलं तर कंपनीचंच नुकसान होतं किंवा कायदा मोडला जातो. त्या जागांचा माझा क्रम असा आहे.

सगळ्यात वर बिल आणि करार. कराची वजावट, हिशोब, सगळं त्यावर चालतं म्हणून तिथे नाव आणि टॅक्स नंबर नीट असतो. त्यातून विकणारा कळतो, बनवणारा नाही, हे विसरू नका.

मग वॉरंटी कार्ड आणि वापराची पुस्तिका. यातून बनवणारा कळतो. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही, शेवटून सुरुवात करा, कॉपीराइट आणि सूचनांचं जे कंटाळवाणं पान असतं ना जे कोणी वाचत नाही, तेच.

मग वेबसाइटवरच्या अटी आणि प्रायव्हसी पॉलिसी. तिथे "we", "us", "our" हे शब्द सर्च करा, म्हणजे "आम्ही म्हणजे कोण" याची व्याख्या असलेलं वाक्य सापडतं, आणि नाही सापडलं तर अगदी शेवटी जिथे कुठल्या देशाचा कायदा लागू होईल ते लिहिलेलं असतं तिथे बघा. पण इथे एक मेख आहे, एकाच ॲपच्या अटींमध्ये तुम्ही कुठे राहता त्यावर कंपनी बदलू शकते. व्हॉट्सॲपचंच बघा, युरोपियन प्रदेशात राहणाऱ्याचा करार `WhatsApp Ireland Limited` बरोबर असतो आणि बाहेरच्यांचा `WhatsApp LLC` बरोबर. ॲप एक, आयकॉन एक, कंपन्या दोन. म्हणून आपल्या देशाला लागू असलेला परिच्छेदच वाचायचा, पहिला दिसला तो नाही.

जर्मन वेबसाइट असेल तर काम फारच सोपं, तिथे `Impressum` नावाचं पान ठेवणं व्यावसायिक साइटला बंधनकारक आहे आणि त्यावर पूर्ण नाव, पत्ता, कुठल्या कोर्टाच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे आणि नोंदणी नंबर, सगळं एका जागी मिळतं. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या कंपनीलाही वेबसाइटवर नोंदणीकृत नाव, नंबर, ब्रिटनच्या कुठल्या भागात नोंदणी आहे ते आणि पत्ता द्यावा लागतो, ते बहुतेक वेळा पानाच्या तळाशी फिकट रंगात असतं.

आता कुठे विश्वास ठेवायचा नाही ते. वेबसाइटच्या तळाची कॉपीराइटची ओळ. लोक ती ओळ पुरावा म्हणून दाखवतात आणि मला दरवेळी सांगावं लागतं की ती वेबसाइट बनवणाऱ्याने टाकलेली असते, तिथे नुसतं ब्रँडचं नाव किंवा चार वर्षांपूर्वीची कंपनी असं काहीही असू शकतं. ती दिशा म्हणून ठीक आहे, उत्तर म्हणून नाही. तसंच कार्डाच्या स्टेटमेंटवर येणारं नाव, ते मर्यादित अक्षरांत कापून बसवलेलं असतं आणि बऱ्याचदा मध्ये पैसे गोळा करणारी तिसरीच कंपनी तिथे दिसते. लिंक्डइनचं पान, नकाशावरचं नाव, बातम्या, हे सगळं ब्रँडच्याच भाषेत बोलतं.

उदाहरणावर येऊ. ३३१० च्या पुस्तिकेत मागच्या पानावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. एक, `HMD Global Oy` ला फोन आणि टॅब्लेटसाठी नोकिया ब्रँड वापरायचा परवाना आहे, खाली पत्ता फिनलंडमधल्या एस्पो शहराचा. दोन, नोकिया हा `Nokia Corporation` चा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे.

घाईत वाचणारा दुसरं वाक्य पकडतो कारण त्यात ओळखीचं नाव आहे. पण "अमुक हा तमुकचा ट्रेडमार्क आहे" हे वाक्य फक्त ब्रँडचा मालक सांगतं. बनवणारा पहिल्या वाक्यात आहे. पायरी १ मध्ये आपण बनवणारा हवा असं लिहिलं होतं, म्हणून आपलं नाव `HMD Global Oy`.

*चेक:* सापडलेल्या नावाच्या शेवटी कंपनीचा प्रकार सांगणारं शेपूट आहे का? `Limited`, `PLC`, `Inc.`, `LLC`, `GmbH`, `B.V.`, `S.A.`, फिनलंडमध्ये `Oy` आणि सार्वजनिक कंपनी असेल तर `Oyj`. शेपूट नसेल तर बहुतेक अजून ब्रँड किंवा व्यापारी नावावरच आहात, किंवा मागे कंपनीच नाही, एकटा माणूस किंवा भागीदारी आहे. उलट बाजूने मात्र हे चालत नाही, शेपूट आहे म्हणजे कंपनी खरी आहे असं नाही, शेपूट कोणीही टाइप करू शकतो.

पायरी ३: नावाच्या आसपास नंबर शोधा

नाव मिळालं की लोक लगेच रजिस्टरकडे पळतात. एक मिनिट थांबा आणि त्याच पानावर नंबर आहे का बघा. नावं सारखी असतात, बदलतात, भाषांतरित होतात, नंबराचं सहसा तसं होत नाही.

प्रत्येक देशाचा नंबर वेगळा दिसतो आणि नुसत्या आकारावरूनही बऱ्याचदा देशाचा अंदाज येतो. ब्रिटनचा आठ जागांचा असतो, स्कॉटलंडची कंपनी असेल तर सुरुवातीला `SC`. फ्रान्सचा `SIREN` नऊ आकडी. भारताचा `CIN` एकवीस जागांचा, अक्षरं आणि आकडे मिसळून, आणि गंमत म्हणजे त्यात राज्य आणि नोंदणीचं सालही दिसतं. ऑस्ट्रेलियात दोन असतात, कंपनीचा `ACN` नऊ आकडी आणि व्यवसायाचा `ABN` अकरा आकडी, हे दोन एकमेकांत मिसळू नका.

फिनलंडचा नंबर म्हणजे `Y-tunnus`, सात आकडे, रेघ, आणि एक तपासणी आकडा. HMD Global चा हा:

```
2724044-2
```

शेवटचा आकडा उगीच नसतो, आधीच्या सातवरून काढलेला असतो, म्हणून नंबर टाइप करताना चूक झाली तर घरबसल्या पकडता येते. सात आकड्यांना क्रमाने ७, ९, १०, ५, ८, ४, २ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची, बाकी शून्य आली तर शेवटचा आकडा शून्यच:

```
2×7 + 7×9 + 2×10 + 4×5 + 0×8 + 4×4 + 4×2 = 141
141 = 11×12 + 9
11 - 9 = 2
```

आलं २, रेघेनंतरही २ आहे. नंबर लिहिताना गडबड झालेली नाही. एवढंच सिद्ध झालं हं, कंपनी चालू आहे की नाही ते यातून कळत नाही. आणि हे प्रत्येक वेळी करायची गरजही नाही, फोटोवरून किंवा पुसट छपाईवरून नंबर वाचला असेल तेव्हाच कामाला येतं.

*थांबा:* टॅक्सचा नंबर आणि कंपनी नोंदणीचा नंबर हे काही देशांत एकातून दुसरा बनतो तर काही देशांत त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. रजिस्टरमध्ये टाकण्याआधी कुठला आहे ते शेजारच्या लेबलवरून बघून घ्या. लेबल नसेल तर दोन्ही समजून करून बघा.

पायरी ४: बरोबर देशाच्या अधिकृत रजिस्टरमध्ये, आधी नंबर मग नाव

अधिकृत म्हणजे त्या देशाच्या सरकारचं किंवा कोर्टाचं. ब्रिटनचं `Companies House`, फिनलंडचं `ytj.fi`, ऑस्ट्रेलियाचं `ABN Lookup`, भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाची साइट. सर्च इंजिनमध्ये कंपनीचं नाव टाकल्यावर वर येणाऱ्या माहिती गोळा करणाऱ्या साइट्स सुरुवातीला दिशा दाखवायला चालतील, पण त्यांची माहिती जुनी असू शकते आणि त्या बऱ्याचदा दोन सारख्या नावांच्या कंपन्या एकत्र करून टाकतात, म्हणून शेवटचं उत्तर तिथून घेऊ नका.

अमेरिकेत एक वेगळीच अडचण आहे. तिथे कंपन्यांची नोंदणी राज्यांकडे असते, केंद्राचं एक रजिस्टर नाही. ऑफिस कॅलिफोर्नियात, वस्तू सगळीकडे, आणि नोंदणी डेलावेअरमध्ये, हे अगदी नेहमीचं. ऑफिसच्या राज्यात शोधलं तर कधी कधी तीच कंपनी "बाहेरची" म्हणून नोंदलेली दिसते, आणि तिचं खरं नाव त्या राज्यात आधीच कोणी घेतलेलं असेल तर तिथे तिने वेगळंच नाव लावलेलं असतं. म्हणून नोंदीत "कुठल्या राज्यात स्थापन" हा रकाना आधी वाचा आणि मग त्या राज्यात जा.

उदाहरणात आपण `ytj.fi` वर नंबर टाकतो. नाव `HMD Global Oy` येतं. मग मुद्दाम `Nokia` टाकून बघा, शिकण्यासाठी. भरपूर नोंदी येतात, कारण नोकिया हे मुळात फिनलंडमधल्या एका गावाचं नाव आहे आणि त्या गावावरून नाव घेतलेली कितीतरी मंडळं, संस्था, कंपन्या तिथे आहेत. त्यातच `Nokia Oyj` सापडेल, नंबर `0112038-9`, ती मोबाइल नेटवर्कची यंत्रणा बनवणारी कंपनी, ट्रेडमार्कची मालक. तुमचा २०१७ चा फोन तिने बनवलेला नाही. वर आणखी एक सापळा, दोन्ही कंपन्यांचा पत्ता एस्पोचा, म्हणजे "शहर जुळलं" म्हणून खूश होणारा इथे हमखास फसतो.

आणि पुस्तिकेत तर `Nokia Corporation` लिहिलं होतं, रजिस्टरमध्ये `Nokia Oyj` कसं? दोन्ही एकच. फिनलंडमध्ये कंपनी तेच नाव दुसऱ्या भाषेत नोंदवू शकते, त्याला समांतर नाव म्हणू, म्हणून स्वीडिशमध्ये `Nokia Abp`, इंग्रजीत `Nokia Corporation`. याशिवाय तिथे सहायक नावाचा वेगळा रकाना असतो, म्हणजे कंपनी आपल्या धंद्याचा एखादा भाग ज्या नावाने चालवते ते. समांतर नाव हे कायदेशीर नावाचंच दुसरं रूप, सहायक नाव हे व्यापारी नाव. नोंद उघडल्यावर कुठला रकाना आहे ते न बघता पहिलं दिसेल ते नाव कॉपी करणं ही मी पाहिलेली सगळ्यात कॉमन चूक.

ऑस्ट्रेलियाच्या `ABN Lookup` मध्ये तर हे सगळं एकाच पानावर वेगवेगळं मांडलेलं असतं, वर संस्थेचं कायदेशीर नाव, खाली नोंदलेली व्यवसायाची नावं, आणि पूर्वी कधी कधी जुनी व्यापारी नावंही दिसायची. २०१२ मध्ये तिथे व्यवसायाच्या नावांचं राष्ट्रीय रजिस्टर सुरू झालं आणि तेव्हापासून ती जुन्या प्रकारची व्यापारी नावं गोळा करणं बंद झालं, त्यामुळे तो रकाना कुठे दिसला तर ती जुनी माहिती आहे असंच समजा.

*चेक:* नोंद उघडी असताना चार रकाने वाचा. सध्याचं नाव, आधीची नावं, स्थिती म्हणजे चालू की बंद, आणि नोंदणीची तारीख. तारीख सगळ्यात दुर्लक्षित. बिल २०१५ चं आणि कंपनी २०१९ ला जन्मलेली असेल तर ती कंपनी ते बिल देऊच शकत नाही, बाकी सगळं जुळलं तरी.

पायरी ५: नंबर नाहीच मिळाला तर

मग नावावरून शोधायचं, पण नीट. शेपूट काढून टाका, कारण `Ltd` आणि `Limited` एकच आहेत हे काही सर्च बॉक्सना कळत नाही. `&` च्या जागी `and` टाकून बघा. सगळं नाव टाकून काही आलं नाही तर फक्त पहिला, जरा वेगळा असलेला शब्द टाका, "ग्लोबल", "सर्व्हिसेस", "होल्डिंग्ज" असले शब्द टाकून यादी फुगते फक्त.

तरीही नाही? तर मग व्यापारी नावाच्या रजिस्टरकडे. अमेरिकेत याला `DBA` म्हणतात, म्हणजे "या नावाने धंदा करतो", आणि त्याची नोंद राज्यानुसार कधी राज्याकडे तर कधी काउंटीकडे असते. ब्रिटनमध्ये मात्र असं रजिस्टरच नाहीये, तिथे एकटा माणूस स्वतःच्या नावाशिवाय दुसऱ्या नावाने दुकान चालवत असेल तर `Companies House` वर तो सापडणारच नाही, तिथे तासन्‌तास शोधून उपयोग नाही, बिलावरच माणसाचं नाव शोधा, ते तिथे द्यावं लागतं.

दुसरा रस्ता ट्रेडमार्कचा. `TMview` किंवा जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा `Global Brand Database`, दोन्ही फुकट. ब्रँडचं नाव टाका, लोगो बघून बरोबर नोंद ओळखा आणि मालकाच्या रकान्यात पूर्ण कायदेशीर नाव वाचा. हा रस्ता मला आवडतो पण नोकियाने आपल्याला शिकवलंच आहे की मालक आणि वापरणारा वेगळे असू शकतात. मोठ्या समूहांत तर ब्रँड ठेवण्यासाठीच वेगळी कंपनी काढलेली असते जी स्वतः काहीच विकत नाही. म्हणून इथे मिळालेलं नाव घेऊन परत पायरी २ वर जा, कागदांवर ते नाव किंवा त्याचा नातेवाईक दिसतो का ते बघायला.

ॲप असेल तर स्टोअरच्या पानावर खाली जा. ॲपलच्या स्टोअरमध्ये `Seller` या रकान्यातलं नाव सहसा नोंदणीकृत असतं, वर ॲपच्या नावाखाली दिसतं त्याच्यापेक्षा कामाचं.

आणि कंपनी मोठी, शेअर बाजाराशी किंवा बँकांशी व्यवहार करणारी असेल तर `GLEIF` च्या साइटवर तिचा `LEI` शोधा, वीस जागांचा जागतिक ओळख क्रमांक. त्या नोंदीत कायदेशीर नाव, इतर नावं आणि मूळ देशाच्या रजिस्टरचा नंबर एकत्र मिळतो, म्हणजे थेट पायरी ४ वर उडी. छोट्या कंपन्यांकडे बहुतेक तो नसतोच, तेव्हा तिथे नाही सापडली म्हणून संशय घेऊ नका.

पायरी ६: नाव बदललंय की कंपनीच बदललीय?

जुनं बिल आणि आजचं रजिस्टर यांची नावं जुळली नाहीत की लोक दोनपैकी एक टोकाचं ठरवतात, एकतर फसवणूक किंवा "तीच असेल". दोन्हीच्या आधी नंबर बघा.

नंबर तोच आणि नाव वेगळं म्हणजे फक्त नाव बदललं. `Facebook, Inc.` ने ऑक्टोबर २०२१ मध्ये `Meta Platforms, Inc.` हे नाव घेतलं, कंपनी तीच राहिली, जुने करार तसेच चालू. आणि फेसबुक हे नाव? ते ब्रँड म्हणून ॲपवर अजून आहेच, म्हणजे जे काल कायदेशीर नाव होतं ते आज फक्त ब्रँड आहे. जुन्या लेखांवरून शोधणारे इथे अडकतात.

नंबर वेगळा म्हणजे बहुतेक वेळा कंपनी वेगळी, नाव कितीही सारखं असो. धंदा विकला गेला असेल, विलीन झाला असेल, नवी कंपनी काढून ब्रँड तिकडे नेला असेल. `Twitter, Inc.` ही २०२३ मध्ये `X Corp.` मध्ये विलीन झाली, हे नुसतं नाव बदलणं नाही, जुनी कंपनी उरलीच नाही.

यातला सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे नावांची अदलाबदल. एकाच समूहातल्या दोन कंपन्या आपली नावं एकमेकींना देतात, म्हणजे काल जे नाव पहिल्या नंबरावर होतं ते आज दुसऱ्या नंबरावर. तुम्ही जुन्या बिलावरचं नाव आज रजिस्टरमध्ये टाकलं तर एकदम अचूक जुळणारी, चालू स्थितीतली, त्याच पत्त्यावरची कंपनी मिळते आणि तरी ती चुकीची असते. हे पकडायचा मार्ग एकच, "आधीची नावं" या रकान्यातल्या तारखा वाचायच्या आणि बिलाच्या तारखेला ते नाव कोणाकडे होतं ते बघायचं. `Companies House` वर हे कंपनीच्या पहिल्याच पानावर खाली दिसतं, फार खणावं लागत नाही.

*चेक:* नंबर, पत्ता, तारीख. तीनपैकी नंबर जुळला आणि तारखेला विरोध नाही तर पुढे जा, पत्ता बदललेला असू शकतो. नंबर नसेल तर पत्ता आणि तारीख दोन्ही जुळायला हवेत, त्यातही पत्ता जर हिशोबनीसाच्या किंवा नोंदणी एजंटच्या ऑफिसचा असेल तर तो मोजू नका, अशा एका पत्त्यावर शेकडो कंपन्या नोंदलेल्या असतात.

पायरी ७: लिहून ठेवायची पद्धत

नुसतं नाव लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की ते कुठून आणलं. मी एका ओळीत एक गोष्ट असं ठेवतो:

```
दिसलेलं नाव : Nokia 3310, फोन आणि डबा, 2017
हवं कोण : बनवणारा
कायदेशीर नाव : HMD Global Oy
नंबर : 2724044-2, फिनलंड
पुरावा : पुस्तिकेचं शेवटचं पान, ytj.fi
ब्रँडचा मालक : Nokia Oyj, 0112038-9
पाहिलं ती तारीख :
```

कायदेशीर नाव रजिस्टरमधून कॉपी-पेस्ट करा, हाताने टाइप करू नका आणि देवनागरीतही करू नका, `Oy` आणि `Oyj` मधला एक अक्षराचा फरक कंपनीचा प्रकार बदलतो. पत्र किंवा फॉर्म भरताना आधी कायदेशीर नाव, मग नंबर, आणि पाहिजे तर पुढे "अमुक ब्रँडचे फोन बनवणारी" असं, म्हणजे पत्र उघडणाऱ्यालाही कळतं कशाबद्दल आहे. ब्रँडचं नाव काढून टाकू नका, ते फक्त मागे जातं.

तारखेचा रकाना मी वर मुद्दाम मोकळा सोडलाय, तो ज्या दिवशी तुम्ही स्वतः रजिस्टर उघडाल त्या दिवशी भरा. आणि पत्र पाठवायला उशीर झाला, दोन-तीन महिने गेले, तर पाठवायच्या दिवशी तोच नंबर पुन्हा एकदा टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे.